केसिंगमधून काढलेली हार्ड डिस्क फिरतच नाही: तिसऱ्या पिनचा ३.३ व्होल्ट

बाहेरून यूएसबीने लावायची ८ टीबीची डेस्कटॉप डिस्क घेतली, तिचं प्लास्टिकचं केसिंग उघडून आतली साडेतीन इंची डिस्क काढली आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. साटाची डेटा केबल लावली, एसएमपीएसची पॉवर केबल लावली, कॉम्प्युटर चालू केला. पंखे फिरले, स्क्रीन आला, पण डिस्क ढिम्म. मोटर फिरल्याचा आवाज नाही, हाताला कंप नाही, बायोसच्या यादीत नाव नाही. तीच डिस्क परत तिच्या यूएसबी बोर्डावर लावली की लगेच फिरते, फाइली दिसतात.

डिस्क वेस्टर्न डिजिटल एलिमेंट्सच्या डबीतली होती आणि लेबलवर मॉडेल होतं WD80EMAZ. एलिमेंट्स, माय बुक आणि अमेरिकेत बेस्ट बायच्या दुकानांत मिळणारी ईझीस्टोअर, या तिन्हींच्या ८ टीबी आणि त्यापुढच्या डब्यांत अनेकदा अशा पांढऱ्या लेबलच्या डिस्क निघतात. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा मैत्रिणीला सांगून अशी डबी मागवणारे आपल्याकडेही बरेच आहेत. डिस्क खराब निघाली असं समजून ती बाजूला टाकण्याआधी पुढचं वाचा. या लक्षणांची डिस्क बहुतेक वेळा पूर्णपणे धडधाकट असते. तिला बंद राहायचा हुकूम मिळालेला असतो आणि ती तो पाळत असते.

हुकूम कुठून येतो

साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. डिस्कवर डेटाच्या सात पिनांची लहान जीभ आणि पॉवरच्या पंधरा पिनांची मोठी जीभ शेजारी शेजारी असतात. पॉवरची पहिली पिन डेटाच्या जिभेला लागून असलेल्या टोकाला येते. तिथून मोजत गेलं की पहिल्या तीन पिना ३.३ व्होल्टच्या, पुढच्या तीन ग्राउंडच्या, मग तीन ५ व्होल्टच्या, दहावी आणि बारावी ग्राउंड, मधली अकरावी वेगळ्या कामाची आणि शेवटच्या तीन १२ व्होल्टच्या. एसएमपीएसमधून येणाऱ्या रंगीत तारा याच हिशेबाने असतात: नारिंगी ३.३, लाल ५, पिवळी १२ आणि काळी ग्राउंड.

साडेतीन इंची डिस्कला लागतात ते ५ आणि १२ व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक्स ५ वर चालतं, मोटर १२ वर. ३.३ व्होल्टची सोय मूळ साटा रचनेत ठेवली होती खरी, पण या आकाराच्या डिस्कनी ती वापरली नाही. तीन पिना वर्षानुवर्षं नुसत्या पडून होत्या.

दुसरीकडे मोठ्या डेटा सेंटरवाल्यांची एक अडचण होती. हजारो डिस्कपैकी एखादी अडकली, कुठल्याच आज्ञेला उत्तर देईना, तर तिची वीज तोडून पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी माणसाने रॅकपर्यंत जाऊन ती ओढून परत खुपसायची. हे लांबून करता यावं म्हणून एका पिनेला नवं काम दिलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने स्वतःची वीज तोडायची, व्होल्टेज गेलं की पुन्हा चालू व्हायचं. याला पॉवर डिसेबल म्हणतात. साटाच्या २०१६ साली आलेल्या ३.३ आवृत्तीत ते आलं आणि त्यासाठी तिसरी पिन निवडली गेली. आवृत्तीचा आकडा आणि व्होल्टेजचा आकडा दोन्ही ३.३ आहेत हा निव्वळ योगायोग, पण त्यामुळे शोधताना गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवतो.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. जुन्या रचनेचा एसएमपीएस तिसऱ्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देतो, कारण त्याच्या लेखी ती वीजपुरवठ्याची पिन आहे. नव्या रचनेची डिस्क त्याच पिनेवरचं व्होल्टेज ‘बंद राहा’ असं वाचते. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत ते व्होल्टेज हटत नाही, त्यामुळे डिस्क कधी जागीच होत नाही. दोघांपैकी कोणीच बिघडलेलं नाही.

मग यूएसबी बोर्डावर ती का चालते? त्या बोर्डाला अडॅप्टरमधून १२ व्होल्ट मिळतात, ५ व्होल्ट तो स्वतः तयार करतो आणि डिस्कला हेच दोन देतो. तिसऱ्या पिनेवर काहीच येत नाही. बहुतेक यूएसबी डॉक आणि घरगुती नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा खोका, त्याचे बरेच खण यांचंही तेच. म्हणूनच ही डिस्क एका ठिकाणी उत्तम चालते आणि दुसऱ्या ठिकाणी मेल्यासारखी वागते.

वेगळ्या विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये हे आधी ओळखता येतं. वेस्टर्न डिजिटलच्याच अल्ट्रास्टार या सर्व्हरसाठीच्या मालिकेत एकच डिस्क दोन प्रकारांत मिळते: WUH721414ALE604 मध्ये पॉवर डिसेबल आहे, WUH721414ALE6L4 मध्ये नाही. शेवटून दुसऱ्या जागी 0 असेल तर तिसरी पिन नव्या कामाची, L असेल तर जुन्या पद्धतीची. वापरलेल्या सर्व्हरच्या डिस्क घेताना हे एक अक्षर बघून घ्यावं. डबीतल्या पांढऱ्या लेबलच्या डिस्कवर अशी खूण मिळत नाही, तिथे लावूनच बघावं लागतं.

केसिंग उघडण्याआधी

नवी डबी घेतली की आधी ती आहे तशी यूएसबीवर लावून डिस्क पूर्ण तपासावी. उघडल्यावर वॉरंटीचा वाद होऊ शकतो, त्यामुळे खराब निघायची असेल तर ती डबीत असतानाच कळलेली बरी. लिनक्सवर smartmontools हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर बसवून दीर्घ चाचणी सुरू करता येते. sdX च्या जागी आपल्या डिस्कचं नाव घालायचं.

```
sudo smartctl -d sat -t long /dev/sdX
sudo smartctl -d sat -a /dev/sdX
```

पहिली आज्ञा चाचणी सुरू करते, दुसरी निकाल दाखवते. मॉडेलचं खरं नावही दुसरीत दिसतं, म्हणजे आत कोणती डिस्क आहे ते न उघडता कळतं. ८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबी वेगाने वाचली गेली तर साधारण पंधरा तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावी. काही डबीतले बोर्ड मधेच डिस्कला झोपवतात आणि चाचणी अर्धवट तुटते. दर थोड्या मिनिटांनी डिस्कवरून काहीतरी वाचत राहिलं की तसं होत नाही.

डबी जुनी असेल आणि तिच्यात डेटा असेल, तर आधी तो सगळा दुसरीकडे उतरवून घ्यावा. यात दोन अडचणी आहेत. माय बुकसारख्या काही डब्यांचा यूएसबी बोर्ड डेटा स्वतः एनक्रिप्ट करून लिहितो. पासवर्ड कधीच ठेवला नसला तरी बोर्डाशिवाय तो डेटा वाचता येत नाही. दुसरी अडचण सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवर डेटा ज्या ठरावीक तुकड्यांत मोजला जातो त्यांच्या, आकाराची. काही बोर्ड कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर सांगतात, तर तीच डिस्क थेट साटावर ५१२ बाइटचे सांगते. मग पार्टिशनची नोंद चुकीच्या जागी शोधली जाते आणि डिस्क रिकामी दिसते. अशा वेळी विंडोज ‘इनिशियलाइज’ करायचं विचारतं. आत हवा असलेला डेटा असेल तर तिथे होकार देऊ नये. डिस्क परत बोर्डावर लावून डेटा काढून घ्यावा.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. खिशात मावणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कपैकी बऱ्याच जणींच्या स्वतःच्याच बोर्डावर यूएसबीचं सॉकेट असतं. आत साटा कनेक्टरच नसतो. त्या उघडून काही मिळत नाही.

एलिमेंट्सचं केसिंग स्क्रूने नाही, आतल्या खाचांनी बंद असतं. बाहेरचं कवच आणि आतली चौकट यांच्यामधल्या फटीत जुनी प्लास्टिकची कार्डं सरकवून खाचा दाबल्या की चौकट डिस्कसकट बाहेर सरकते. स्क्रूड्रायव्हर घातला तर काठ फुटतो, शिवाय आत डिस्कचा बोर्ड असतो. डिस्कच्या बाजूंना रबरी गाद्या असतात, त्या सोडवायच्या. यूएसबी बोर्डाचा स्क्रू काढायचा आणि बोर्ड कनेक्टरच्या रेषेत सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला तर साटाची जीभ तुटू शकते आणि तिच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. बोर्ड, अडॅप्टर आणि कवच टाकून देऊ नयेत. पुढच्या तपासात लगेच कामाला येतात.

पॉवर डिसेबलच आहे याची खात्री

टेप चिकटवण्याआधी निदान पक्कं करून घ्यावं. डिस्क न फिरण्याची कारणं अनेक असतात आणि टेप त्यातल्या एकावरच चालते.

सगळ्यात आधी कान लावायचा. पॉवर डिसेबलमध्ये शांतता अगदी पूर्ण असते. डिस्क टकटक करत असेल, बारीक बीप देत असेल किंवा फिरायला सुरुवात करून थांबत असेल, तर तिला वीज मिळते आहे आणि दोष दुसरीकडे आहे. डिस्क व्यवस्थित फिरते पण बायोसमध्ये दिसत नाही, तरीही प्रश्न तिसऱ्या पिनेचा नाही. तिथे डेटा केबल बदलून बघावी, पोर्ट बदलून बघावा. अनेक मदरबोर्डवर एम-डॉट-टू एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, तेही तपासावं.

पूर्ण शांतता असेल तर डिस्क परत तिच्या यूएसबी बोर्डावर लावायची. तिथे फिरली म्हणजे डिस्क जिवंत आहे. मग एसएमपीएसची तीच केबल, तोच कनेक्टर दुसऱ्या एखाद्या जुन्या डिस्कला लावून बघायचा. ती फिरली म्हणजे ५ आणि १२ व्होल्ट ठीक आहेत. दोन्ही ठीक असून जोडी जमत नाही, म्हणजे उरतो तो ३.३ व्होल्ट.

केबल नुसती बघूनही बरंच कळतं. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये पाच तारा जात असतील तर त्यातली एक ३.३ ची आहे. चारच असतील तर ३.३ नाही, आणि मग टेप लावून उपयोग नाही, दोष दुसरीकडे शोधावा लागेल. नव्या एसएमपीएसच्या केबली सगळ्या काळ्या आणि सपाट असतात, तिथे रंग दिसत नाही पण तारा मोजता येतात.

मल्टिमीटरने मोजायचं तर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर आणि लाल टोक मोकळ्या कनेक्टरच्या पहिल्या तीन जागांपैकी एकीवर. पिनांमधलं अंतर १.२७ मिमी असतं आणि मल्टिमीटरचं टोक त्यामानाने जाड. तिसऱ्या जागेवर लावताना ते शेजारच्या चौथ्या म्हणजे ग्राउंडच्या पिनेला टेकलं तर ३.३ शॉर्ट होतो आणि एसएमपीएस झटक्यात बंद पडतो. त्यामुळे पहिल्या जागेवर मोजावं. तिन्हींना तीच तार जाते, आकडा तोच येतो. माझ्या एसएमपीएसवर सव्वातीनच्या जरा वर आकडा आला आणि विषय मिटला.

टेप लावणं

सर्वांत कमी खर्चाचा आणि परत फिरवता येणारा उपाय म्हणजे डिस्कच्या जिभेवरच्या त्या पिना झाकणं. यासाठी कॅप्टॉन टेप घ्यावी, पारदर्शक सोनेरी-तपकिरी रंगाची. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आणि थ्रीडी प्रिंटर वापरणाऱ्यांकडे तर असतेच. साधी काळी इन्सुलेशन टेप इथे चालवू नये. ती जाड असते, त्यामुळे कनेक्टरच्या आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या वाकतात, आणि उबेने तिचा चिकटा पाघळून शेजारच्या पिनांवर पसरतो. सेलोटेपचंही तेच, फक्त ती आधी सरकते. कॅप्टॉन पातळ असते आणि डिस्कच्या उष्णतेने तिला काही होत नाही.

तिसरी एकटीच झाकावी की पहिल्या तिन्ही, यावर दोन मतं आहेत. काम तिसरीनेच होतं. पण एका पिनेची रुंदी जेमतेम ०.८ मिमी, त्यामुळे सव्वा मिलिमीटरची पट्टी कापून नेमकी तिच्यावर बसवायची हे नाजूक काम आहे. पहिल्या दोन पिनाही ३.३ च्याच, डिस्कला त्या लागत नाहीत. तिन्ही झाकल्या तर पट्टी साडेतीन मिलिमीटरची होते, हातात धरता येते, आणि एक बाजू जिभेच्या टोकाला लावून बसवली की दुसरी आपोआप योग्य जागी येते. मी तिन्ही झाकतो आणि तसंच करावं असं माझं मत आहे. जपायचं ते चौथ्या पिनेला. ती ग्राउंडची आहे आणि कनेक्टर खुपसताना सगळ्यांत आधी टेकणाऱ्या पिनांपैकी आहे. ग्राउंड इतर पिनांवरही असल्याने ती झाकली गेली तरी डिस्क बहुधा चालेल, पण ती तशी झाकलेली ठेवू नये.

कॉम्प्युटर बंद करून, एसएमपीएसची वायर भिंतीतून काढून, डिस्क टेबलावर घ्यायची. वरून चांगला उजेड हवा. जिभेच्या एका बाजूलाच सोनेरी पट्ट्या असतात, ती बाजू वर येईल अशी डिस्क ठेवावी. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पट्ट्या पुसून पूर्ण वाळू द्याव्या. बोटाचा तेलकटपणा राहिला तर टेप धरत नाही.

टेपचा तुकडा काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर चिकटवून ब्लेड आणि पट्टीने कापला की कड सरळ येते. कात्रीने कापलेली कड किंचित वाकडी जाते आणि तिथेच चौथी पिन झाकली जाते. रुंदी साडेतीन मिलिमीटर, लांबी बारा ते पंधरा. लांबी मुद्दाम जास्त ठेवायची, कारण पट्टी नुसती पिनांवर चिकटवायची नाही. चिमट्याने तिचं एक टोक पिनांच्या मुळाशी, प्लास्टिकला भिडवून ठेवायचं, तिथून पुढे जिभेच्या कडेपर्यंत दाबत आणायचं आणि उरलेला भाग कडेवरून दुमडून जिभेच्या मागच्या बाजूला चिकटवायचा. कनेक्टर आत जातो तो याच कडेकडून. टेप कडेवर उघडी संपली असेल तर पहिल्याच वेळी कनेक्टर तिला सोलून आत गोळा करतो. दुमडलेली असली तर तो तिच्यावरून सरकतो.

मग टूथपिकच्या बोथट टोकाने प्रत्येक पिनेवरून टेप घासून बसवायची. नीट बसली की टेपखाली पिनांच्या कडा स्पष्ट उठून दिसतात आणि पिनांमध्ये पांढुरका हवेचा फुगा राहत नाही. डोळ्यांनी तीन झाकलेल्या आणि बारा उघड्या पिना मोजाव्या. चौथीवर टेपची कड आली असेल तर ओढाताण न करता पट्टी काढून नवी लावावी. एकदा ताणलेली टेप पुन्हा नीट बसत नाही.

कनेक्टर लावताना अगदी सरळ, एका दमात लावायचा. डावी-उजवीकडे हलवत खुपसला की टेप कुरतडली जाते. पहिल्यांदा लावल्यावर मी तो परत काढून टेप बघतो. पिनांवर कनेक्टरच्या पट्ट्यांचे पुसट ओरखडे दिसायला हरकत नाही, पण सोनेरी धातू उघडा दिसत असेल तर पट्टी बदलावी. त्यानंतर पुन्हा लावून कॉम्प्युटर चालू केला की मोटर वर चढत जाण्याचा आवाज येतो आणि बायोसमध्ये WD80EMAZ हे नाव दिसतं.

तरीही शांतता असेल तर पट्टी चुकीच्या टोकाला लागली आहे का ते आधी बघावं. पिना दुसऱ्या टोकाकडून मोजल्या गेल्या तर १२ व्होल्टच्या तीन पिना झाकल्या जातात, आणि मग मोटरला वीजच मिळत नाही. डेटाच्या जिभेकडचं टोक म्हणजे पहिली पिन, एवढं ध्यानात ठेवलं की चुकत नाही.

टेप जिथे टिकत नाही

डिस्क ट्रेमध्ये घालून आत ढकलायची असेल, म्हणजे बॅकप्लेनवर, तर टेप फार दिवस राहत नाही. तिथे कनेक्टर दिसत नाही, डिस्क सरळही जातेच असं नाही, आणि दर वेळी काढता-घालताना टेप थोडी खरवडली जाते. टेप फाटली की एखाद्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर डिस्क गायब होते. अशा जागी ३.३ व्होल्ट केबलमध्येच तोडलेला बरा.

यासाठी लोक मोलेक्स ते साटा अडॅप्टर वापरतात. मोलेक्सच्या चार पिनांत १२, ५ आणि दोन ग्राउंड असतात. ३.३ नसतोच, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटतो. पण अडॅप्टर कोणता घेता याला फार महत्त्व आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं साटाकडचं टोक एकसंध साच्यात ओतलेलं असतं. तारा आतल्या पट्ट्यांना जोडून वरून गरम प्लास्टिक दाबाने ओततात. त्या दाबाने एखादी तार किंचित सरकली तर १२ आणि ग्राउंड एकमेकांच्या फार जवळ येतात, पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होऊन कनेक्टर जळतो आणि सोबत डिस्कही जाते. बाहेरून बघून तो दोष कळत नाही. ज्याच्या मागे काढता येणारं झाकण असतं आणि तारा एकेका खाचेत दाबून बसवलेल्या दिसतात, तो प्रकार घ्यावा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर खेचते, म्हणून एका मोलेक्समधून चार-पाच डिस्कना फाटे फोडू नयेत.

तसेच काढत्या झाकणाचे कनेक्टर तुमच्या एसएमपीएसच्या केबलवर असतील तर अडॅप्टरचीही गरज नाही. वीज पूर्ण तोडून झाकण काढायचं आणि टोकाची नारिंगी तार खाचेतून उचलून बाहेर काढायची. एका केबलवर तीन-चार कनेक्टर ओळीने असतात आणि नारिंगी तार सगळ्यांतून जाते, त्यामुळे ती एसएमपीएसच्या बाजूला तोडली की पूर्ण ओळीचा ३.३ जातो. तोडलेलं एसएमपीएसकडचं टोक हीट श्रिंक नळीने झाकून बांधून टाकावं. ते कॅबिनेटला टेकलं तर पूर्ण कॉम्प्युटर बंद पडेल. साडेतीन इंची डिस्क आणि अडीच इंची साटा एसएसडी यांचं त्या तारेवाचून काही अडत नाही.

केबल एसएमपीएसमधून सुटी होणारी असेल तर तार कापण्याऐवजी एसएमपीएसकडच्या प्लगमधून तिचं टर्मिनल बाहेर काढता येतं. ते नंतर परत घालता येतं. मात्र सुट्या केबली एका एसएमपीएसच्या दुसऱ्याला लावू नयेत. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापला ठेवते, आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्कचा बोर्ड जातो.

काही जण डिस्कच्या जिभेवरची तिसरी पिनच खरवडून किंवा तोडून काढतात. मी ते करू नये म्हणेन. पिन तोडताना जिभेचं प्लास्टिक चिरतं, शेजारची पिन सैल होते, आणि साध्या टेपने होणाऱ्या कामासाठी डिस्क कायमची बदलली जाते.

बसवताना

मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये बाजूच्या स्क्रूंची मधली भोकं बहुधा नसतात. जुन्या कॅबिनेटचा खण मधल्या भोकांवर अवलंबून असेल तर स्क्रू बसणार नाही. अशा वेळी कडेची दोन-दोन भोकं वापरावी किंवा खण बदलावा. डिस्क एका स्क्रूवर लटकत ठेवू नये, कंपाने टेपवरचा कनेक्टरही हळूहळू हलत राहतो.

बसवून झाल्यावर थेट साटावर दीर्घ चाचणी पुन्हा एकदा लावायची, या वेळी `-d sat` शिवाय. निकालात रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर शून्य असायला हवेत. `UDMA_CRC_Error_Count` चा आकडा वाढत असेल तर ती डेटा केबल किंवा सैल कनेक्टर, तिसऱ्या पिनेचा त्याच्याशी संबंध नाही. सेक्टरचा आकार बघायचा असेल तर

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,LOG-SEC,PHY-SEC
```

इथे WD80EMAZ साठी ५१२ आणि ४०९६ दिसतं. त्यानंतर नवं पार्टिशन करून डिस्क वापरायला घ्यावी.

डिस्कच्या लेबलशेजारी मार्करने ‘पिन १ ते ३ टेप’ असं लिहून ठेवतो, आणि नारिंगी तार काढली असेल तर त्या केबलवर ‘३.३ नाही’ अशी चिठ्ठी बांधतो. वर्षभराने कोणी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये हलवली किंवा एसएमपीएस बदलला आणि ती पुन्हा गप्प झाली, तर आधी काय तपासायचं ते त्याला तिथेच वाचायला मिळतं.